डॉमिनोच्या रांगेतून इंडक्शन: सिद्धता कुठल्या क्रमाने करायची आणि ती नेमकी कुठे मोडते

प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना इंडक्शनच्या, म्हणजे गणिती विगमनाच्या, प्रश्नापाशी मी हटकून रेंगाळते. बहुतेकांनी तिन्ही ओळी बरोबर लिहिलेल्या असतात: ‘n = 1 साठी’, ‘समजा n = k साठी सत्य’, ‘n = k+1 साठी’. शेवटी ‘म्हणून सर्व n साठी सत्य’ हेही असतं. पण मधला मजकूर वाचला की कळतं, सिद्धता झालेलीच नाही. साचा पाठ असतो, त्यातली कुठली ओळ काय काम करते ते माहीत नसतं.

ते काम डॉमिनोच्या रांगेत डोळ्यांना दिसतं. म्हणून हा लेख ती रांग समोर ठेवून लिहिला आहे. तुम्हाला शाळेत शिकवलेल्या क्रमापेक्षा मी एक वेगळा क्रम सुचवणार आहे: कच्च्या कागदावर आधी मधली पायरी करा आणि पहिला ठोकळा त्यानंतर पाडा. असं का, ते पुढे उदाहरणांतून दिसेल.

## आधी रांग नीट पाहा

लाकडी ठोकळे एकामागे एक उभे केले आहेत. प्रत्येकावर क्रमांक आहे: 1, 2, 3, … आणि रांग कधीच संपत नाही. सगळे ठोकळे पडतील याची खात्री द्यायला दोन गोष्टी हव्यात.

पहिली: 1 क्रमांकाचा ठोकळा पडला.
दुसरी: कुठलाही ठोकळा पडला तर तो त्याच्या पुढच्याला पाडतोच.

दुसऱ्या वाक्यातला ‘तर’ महत्त्वाचा आहे. तिथे कुठलाही ठोकळा पडला असा दावा नाही. दावा अंतराबद्दल आहे. दोन ठोकळ्यांमधलं अंतर ठोकळ्याच्या उंचीपेक्षा कमी असेल तर पडणारा ठोकळा पुढच्याला टेकतो. अंतर जास्त असेल तर तो मधल्या जागेत आडवा होतो आणि पुढचा तसाच उभा राहतो. हे अंतर फूटपट्टीने मोजता येतं आणि त्यासाठी एकही ठोकळा पाडावा लागत नाही.

‘समजा P(k) सत्य आहे’ या ओळीचा अर्थ एवढाच आहे. दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी विचारतं, “मॅडम, जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चाललो की!” शंका रास्त आहे. उत्तर असं की आपण k वा ठोकळा पडला असं म्हणत नाही. तो पडला तर k+1 वा पडेल का, एवढंच पाहतो. म्हणजे पट्टी लावून अंतर मोजतो.

या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. म्हणून एक खरी आणि दुसरी खोटी असू शकते. दोन्हीकडचं एकेक उदाहरण पाहून ठेवा.

n² + n + 41 ही राशी घ्या. n = 1 ला 43, n = 2 ला 47, n = 3 ला 53. सगळ्या मूळ संख्या. n = 39 पर्यंत दर वेळी मूळ संख्याच मिळते. n = 40 ला मात्र 40² + 40 + 41 = 41², आणि ती मूळ नाही. 39 ठोकळे पडलेले डोळ्यांनी पाहिले, पण ते एकेक करून हाताने पाडले होते. एका ठोकळ्याने पुढच्याला पाडलं असं कधी दाखवलंच नव्हतं.

आता उलट बाजू. ‘n² + 5n + 1 ही सम संख्या आहे’ हे विधान घ्या आणि ते k साठी खरं धरा. मग

(k+1)² + 5(k+1) + 1 = (k² + 5k + 1) + (2k + 6)

पहिला कंस गृहीतानुसार सम आणि दुसरा उघडच सम, म्हणून बेरीजही सम. पायरी निर्दोष आहे. तरीही n = 1 ला 7 येतात, n = 2 ला 15, आणि खरं तर ही राशी कायम विषम असते. ठोकळे अगदी जवळजवळ उभे आहेत, पण पहिल्याला कोणी हातच लावलेला नाही, त्यामुळे एकही पडत नाही.

## टप्पा १: ठोकळ्यावर काय लिहिलंय ते पूर्ण वाक्यात मांडा

या संपूर्ण टप्प्यासाठी एकच उदाहरण घेऊ:

1·1! + 2·2! + 3·3! + … + n·n! = (n+1)! − 1

पहिलं काम म्हणजे P(n) काय आहे ते लिहिणं. P(n) हे विधान असतं. ते खरं किंवा खोटं ठरतं. ती संख्या नसते, राशीही नसते. इथे P(n) म्हणजे वरचं समीकरण, डावी बाजू, बरोबरचं चिन्ह आणि उजवी बाजू धरून.

हे सांगावं लागतं, कारण पुष्कळ उत्तरपत्रिकांमध्ये ‘P(n) = n·n!’ असं दिसतं आणि दोन ओळी खाली ‘P(k) + (k+1)(k+1)!’. विधानात संख्या कशी मिळवणार? डाव्या बाजूला नाव हवंच असेल तर वेगळं द्या, समजा S(n). मग P(n) हे विधान होईल: S(n) = (n+1)! − 1.

दुसरी चूक बारीक आहे, म्हणून जास्त फसवते. ‘P(n): सर्व n साठी S(n) = (n+1)! − 1’ असं लिहिलं जातं. ‘सर्व n साठी’ हे शब्द P(n) च्या आत आले की प्रत्येक ठोकळ्यावर संपूर्ण रांगेची गोष्ट लिहिली जाते. मग P(k) गृहीत धरणं म्हणजे खरोखरच सगळं गृहीत धरणं होतं, आणि वरची ती शंका बरोबर ठरते. एका ठोकळ्यावर एकाच n ची गोष्ट असावी. ‘सर्व n साठी’ हे शब्द शेवटच्या ओळीत येतात.

तपासा: तुमच्या P(n) मध्ये n = 3 घाला. इथे ‘1 + 4 + 18 = 24 − 1’ असं एक साधं विधान मिळतं, ते खरं की खोटं हे लगेच ठरवता येतं. तसं ठरवता येत नसेल तर P(n) पुन्हा लिहा.

## टप्पा २: कच्च्या कागदावर अंतर मोजा

कागदाच्या वरच्या बाजूला P(k) लिहा आणि खालच्या बाजूला P(k+1). दोन्ही पूर्ण लिहायची. मध्ये चार बोटं जागा सोडा.

वर, जे हाताशी आहे: S(k) = (k+1)! − 1
खाली, जिथे पोचायचं आहे: S(k+1) = (k+2)! − 1

आता एकच प्रश्न: S(k) पासून S(k+1) कडे जाताना काय बदललं? इथे शेवटी एक पद वाढलं, (k+1)·(k+1)!. म्हणून

S(k+1) = S(k) + (k+1)·(k+1)!
= (k+1)! − 1 + (k+1)·(k+1)!
= (k+1)!·(1 + k + 1) − 1
= (k+2)·(k+1)! − 1
= (k+2)! − 1

दुसऱ्या ओळीत S(k) च्या जागी (k+1)! − 1 आलं. ठोकळा पुढच्याला टेकला तो नेमका इथे. त्या ओळीसमोर ‘P(k) वरून’ एवढं लिहायची सवय लावा.

तपासा: तुमच्या पायरीत ‘P(k) वरून’ असं लिहायला जागाच सापडली नाही, तर दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. एकतर विधान इंडक्शनशिवाय सरळ सिद्ध होतं, किंवा बहुतेक वेळा होतं तसं, तुम्ही सिद्ध करायची गोष्ट नकळत वापरून टाकली आहे.

सावध, पद नेहमी शेवटीच वाढत नाही. ‘पुढचं पद दोन्ही बाजूंना मिळवा’ हा शाळेतला नियम पाठ असला की पुढची बेरीज हमखास चुकते:

S(n) = 1/(n+1) + 1/(n+2) + … + 1/(2n)

S(2) म्हणजे 1/3 + 1/4. S(3) म्हणजे 1/4 + 1/5 + 1/6. सुरुवातीचं 1/3 गेलं आणि शेवटी दोन पदं आली. म्हणजे

S(k+1) = S(k) − 1/(k+1) + 1/(2k+1) + 1/(2k+2)
= S(k) + 1/(2k+1) − 1/(2k+2)

आणि 1/(2k+1) हे 1/(2k+2) पेक्षा मोठं असल्याने S(k+1) > S(k). S(n) ≥ 1/2 हे सिद्ध करायचं असेल तर काम इथेच संपलं, कारण S(1) = 1/2. अशा बेरजेत n = 2 आणि n = 3 ची पदं एकाखाली एक लिहून काय गेलं, काय आलं ते पाहा. सूत्राला हात त्यानंतर लावा.

सावध, उलटं चालू नका. सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. P(k+1) ची संपूर्ण ओळ, बरोबरच्या चिन्हासकट, वर लिहायची. दोन्ही बाजू सोडवत खाली यायचं. शेवटी 0 = 0 आलं की ‘सिद्ध’. डॉमिनोच्या भाषेत हे k+1 वा ठोकळा पडला असं धरून मागच्या ठोकळ्याकडे पाहणं आहे. अशा वाटेने खोट्या गोष्टीही सिद्ध होतात: 1 = −1 लिहा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, 1 = 1 मिळतं. समीकरण असेल तर डाव्या बाजूपासून निघा आणि बरोबर-बरोबर करत उजवीकडे पोचा. वर S(k+1) साठी तसंच केलं आहे. उत्तर सुचायला कच्च्या कागदावर खालून वर जायला हरकत नाही, पण पक्की प्रत वरून खालीच हवी.

## टप्पा ३: पायरीने काय मागितलं ते पाहून पहिला ठोकळा निवडा

आता पहिला ठोकळा. तो आधी का पाडला नाही, ते 2ⁿ > n² या विधानातून कळेल.

आधी मोजणी करू. n = 1 ला 2 > 1, खरं. n = 2 ला 4 आणि 4, खोटं. n = 3 ला 8 आणि 9, खोटं. n = 4 ला 16 आणि 16, खोटं. n = 5 ला 32 > 25, खरं.

जो सवयीने ‘n = 1 साठी सत्य’ लिहून पुढे जातो तो इथे फसतो, कारण 1 वा ठोकळा खरोखरच पडलेला आहे. पण त्याच्यापुढचा उभा आहे.

पायरी करून पाहू. 2ᵏ > k² धरलं तर

2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ > 2k²

आणि पोचायचं आहे (k+1)² पाशी. म्हणजे 2k² ≥ (k+1)² हवं. मांडणी बदलली तर k² − 2k − 1 ≥ 0, म्हणजेच (k−1)² ≥ 2. हे k = 2 ला खोटं आहे, कारण 1 हे 2 पेक्षा लहान. k ≥ 3 साठी ते खरं आहे.

इथे थोडं थांबा. पायरी k = 3 पासून चालते. म्हणजे 3 वा ठोकळा 4 थ्याला पाडू शकतो आणि 4 था 5 व्याला. अंतर योग्य आहे. पण 3 रा आणि 4 था पडलेलेच नाहीत, त्यामुळे त्या अंतराचा काही उपयोग नाही. खरा धक्का 5 व्या ठोकळ्याला द्यावा लागतो. 5 हे 3 च्या पुढे आहे, म्हणून तिथून पुढे पायरी लागू पडते, आणि विधान n ≥ 5 साठी सिद्ध होतं.

दोन वेगळे आकडे निघाले: पायरी जिथून चालते तो 3, आणि पाया जिथे खरा आहे तो 5. पाया असा निवडा की तिथे विधान खरं असेल आणि तिथून पुढे पायरी कुठेही अडणार नाही. 1 हा पहिली अट पाळतो, दुसरी नाही. 3 हा दुसरी पाळतो, पहिली नाही. पायरी आधी केली नसती तर हा 3 दिसलाच नसता.

तपासा: पक्क्या प्रतीत ‘समजा k ≥ 5 आणि P(k) सत्य’ असं लिहिलं आहे ना? नुसतं ‘समजा P(k) सत्य’ लिहिलं तर (k−1)² ≥ 2 ही ओळ कशाच्या आधारावर आली हे सांगता येणार नाही.

## टप्पा ४: सर्वांत लहान k घालून पायरी पुन्हा वाचा

हा टप्पा कुठल्याही साच्यात नसतो. तरी दर वेळी करा, एक मिनिट लागतं. पुढची खोटी सिद्धता वाचा आणि चूक कुठे आहे ते स्वतः शोधा.

विधान P(n): प्रतलातल्या कुठल्याही n रेषा घेतल्या आणि त्यांतल्या कुठल्याही दोन समांतर नसल्या, तर त्या सगळ्या एकाच बिंदूत मिळतात.

n = 2: दोन भिन्न, समांतर नसलेल्या रेषा एका बिंदूत मिळतात. खरं.

समजा k ≥ 2 आणि P(k) सत्य. अशा k+1 रेषा घ्या आणि त्यांना 1 ते k+1 क्रमांक द्या. पहिल्या k रेषा P(k) वरून एका बिंदूत मिळतात, तो A. शेवटच्या k रेषा, म्हणजे 2 ते k+1, याही एका बिंदूत मिळतात, तो B. मधल्या रेषा दोन्ही गटांत आहेत. त्या A मधून जातात आणि B मधूनही. दोन भिन्न रेषांना एकच सामाईक बिंदू असतो, म्हणून A आणि B एकच. म्हणजे सगळ्या k+1 रेषा एकाच बिंदूत मिळतात.

कुठलाही त्रिकोण काढा, त्याच्या तीन बाजू वाढवा, आणि हे विधान n = 3 लाच खोटं पडतं. मग सिद्धतेत बिघडलं कुठे?

k = 2 घालून वाचा. रेषा तीन. पहिला गट: 1 आणि 2. दुसरा गट: 2 आणि 3. दोन्ही गटांत असलेल्या ‘मधल्या रेषा’ किती? एकच, 2 क्रमांकाची. एका रेषेवर A आणि B वेगवेगळे असू शकतात. त्रिकोणाची ती एक बाजू, आणि A, B तिची दोन टोकं. ‘मधल्या रेषा’ हे अनेकवचन लिहिताना आपण मनात चार-पाच रेषांचं चित्र धरलं होतं, आणि तिथे युक्तिवाद बरोबरच आहे. k = 3 पासून पुढे सगळी अंतरं योग्य आहेत. फक्त 2 आणि 3 यांच्यामधली जागा ठोकळ्याच्या उंचीपेक्षा मोठी आहे. रांग तिथे थांबली.

अशी भगदाडं बहुतेक वेळा रांगेच्या तोंडाशीच असतात. ‘मधला’, ‘उरलेला’, ‘आणखी एक’, ‘यांपैकी दुसरा’ असे शब्द पायरीत आले की सर्वांत लहान k ला ती वस्तू अस्तित्वात आहे का, ते बोटावर मोजून पाहा.

## टप्पा ५: एक धक्का पुरत नसेल तेव्हा

₹2 आणि ₹5 ची नाणी आहेत, दोन्ही हवी तितकी. ₹1 आणि ₹3 देता येत नाहीत. ₹4 आणि त्यापुढची प्रत्येक पूर्ण रक्कम सुटी न घेता देता येते, हे सिद्ध करायचं आहे.

सहज सुचणारी पायरी: k रुपये देता आले तर त्यावर ₹2 चं एक नाणं ठेवा, k+2 रुपये झाले. पायरी खरी आहे. पण हा ठोकळा शेजारच्याला पाडत नाही, एक सोडून पुढच्याला पाडतो. 4 ने 6 पडतो, 6 ने 8. विषम ठोकळे तसेच उभे. म्हणजे ही प्रत्यक्षात दोन रांगांची मांडणी आहे आणि दोन्ही रांगांना धक्का द्यावा लागेल: 4 = 2 + 2 आणि 5 = 5. पाया दोन ठोकळ्यांचा झाला. उत्तरपत्रिकेत फक्त n = 4 तपासलेलं असेल तर अर्धी रांग उभीच राहिली, आणि मला अर्धेच गुण देता येतात.

आता याच प्रश्नासाठी दुसरी पायरी. k रुपये (k ≥ 4) कसे दिले आहेत ते पाहा. त्यात ₹5 चं नाणं असेल तर ते काढून ₹2 ची तीन ठेवा. 5 गेले, 6 आले, एक रुपया वाढला. ₹5 चं एकही नाणं नसेल तर सगळी ₹2 ची आहेत, आणि रक्कम 4 किंवा जास्त असल्याने ती निदान दोन आहेत. दोन काढा, ₹5 चं एक ठेवा. 4 गेले, 5 आले, पुन्हा एक रुपया वाढला. ही पायरी k वरून k+1 वर नेते, म्हणून पाया एकच पुरतो: n = 4.

प्रश्न तोच, विधान तेच, आणि पाया एकदा दोनचा, एकदा एकाचा. पाया किती रुंद हवा हे पायरी ठरवते. कच्च्या कागदावर पायरी आधी करा असं मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी.

कधीकधी तर कुठला मागचा ठोकळा उपयोगी पडणार हे आधी सांगताच येत नाही. ‘2 किंवा त्याहून मोठी प्रत्येक पूर्णांक संख्या मूळ असते किंवा मूळ संख्यांचा गुणाकार असते’ हे घ्या. 60 चा ठोकळा पाडायला 59 चा काही उपयोग नाही. 60 = 6·10, म्हणून 6 आणि 10 पडलेले असायला हवेत. अशा वेळी गृहीत बदलायचं: ‘समजा 2 ते k पर्यंतची सर्व विधानं सत्य’. मग k+1 मूळ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर k+1 = a·b, जिथे a आणि b दोन्ही 2 ते k या दरम्यान आहेत, आणि त्या दोघांबद्दल गृहीत लागू होतं. याला प्रबळ इंडक्शन म्हणतात. मागे पडलेल्या सगळ्या ठोकळ्यांचं वजन वापरायची यात मुभा असते, एवढाच फरक.

सावध: प्रबळ इंडक्शनमध्येही सर्वांत लहान k ची तपासणी सुटत नाही. पायरीत k−1 किंवा k−2 वापरले असतील तर ते पायाच्याही मागे जात नाहीत ना, हे पाहा.

## टप्पा ६: पक्की प्रत

कच्चं काम झालं की लिहिण्याचा क्रम नेहमीचा, आधी पाया आणि मग पायरी. 2ⁿ > n² ची पक्की प्रत अशी दिसेल:

P(n): 2ⁿ > n². हे सर्व n ≥ 5 साठी सिद्ध करू.

पाया: n = 5 ला 2⁵ = 32 आणि 5² = 25. 32 > 25, म्हणून P(5) सत्य.

पायरी: k ≥ 5 ही कुठलीही एक पूर्णांक संख्या घ्या आणि समजा P(k) सत्य आहे, म्हणजे 2ᵏ > k². मग
2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ > 2k² (P(k) वरून).
k ≥ 5 असल्याने (k−1)² ≥ 16 > 2, म्हणून k² − 2k − 1 > 0, म्हणून 2k² > k² + 2k + 1 = (k+1)².
दोन्ही मिळून 2ᵏ⁺¹ > (k+1)², म्हणजे P(k+1) सत्य.

म्हणून इंडक्शनच्या तत्त्वानुसार सर्व n ≥ 5 साठी P(n) सत्य.

‘कुठलीही एक’ हे शब्द गाळू नका. k = 7 किंवा k = 10 साठी अंतर मोजून चालत नाही. तुम्ही मोजलेलं अंतर प्रत्येक जोडीला लागू हवं, आणि k बद्दल ‘5 किंवा जास्त’ याखेरीज काहीही वापरलेलं नसावं.

## रांगेच्या शेवटी ठोकळा नसतो

एक चूक इंडक्शनच्या पेपरात दिसत नाही, ती पुढच्या सत्रात वास्तव विश्लेषणात दिसते.

Sₙ = 1 + 1/1! + 1/2! + … + 1/n! घ्या. Sₙ परिमेय आहे हे इंडक्शनने दोन ओळींत होतं. S₁ = 2 परिमेय. Sₖ परिमेय असेल तर त्यात 1/(k+1)! ही परिमेय संख्या मिळवून आलेली Sₖ₊₁ सुद्धा परिमेय. सिद्धता पूर्ण आहे, सर्व n साठी.

पुढची ओळ अशी येते: ‘n अनंताकडे नेल्यावर बेरीज e होते, म्हणून e परिमेय.’ e अपरिमेय आहे. वरची सिद्धता चुकलेली नाही, चुकली ती ही जास्तीची ओळ. रांगेतला कुठलाही ठोकळा दाखवा, लाखावा किंवा कोट्यवा. त्याच्यामागे ठरावीक संख्येचे ठोकळे आहेत आणि तेवढ्या धक्क्यांनी तो पडतो. पण ‘अनंतावा’ ठोकळा रांगेत उभाच नाही. e ही Sₙ पैकी कुठलीच नाही, ती त्या सगळ्यांची सीमा आहे. तिच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर वेगळी सिद्धता लागते.